क्षेत्र शून्य, तरी फेज सरकते: सोलेनॉइडच्या गणितात उत्तर चुकतं तेव्हा कुठे पाहायचं

तक्रार थोड्याफार फरकाने नेहमी हीच असते. लांब सोलेनॉइडच्या (पाठ्यपुस्तकातलं नालकुंतल) दोन बाजूंनी इलेक्ट्रॉनची लाट जाते आणि पुढे दोन्ही भाग पुन्हा एकत्र येतात. पुस्तक म्हणतं की या दोन भागांच्या फेजमध्ये `qΦ/ħ` एवढा फरक पडतो, आणि याला अहारोनोव-बोम परिणाम म्हणतात. `q` म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रभार. `Φ` म्हणजे सोलेनॉइडच्या आतला फ्लक्स. पण वहीत किंवा संगणकावर तेच करून पाहावं, तर उत्तर शून्य येतं. शून्य आलं नाही तर गेज, म्हणजे तेच चुंबकी क्षेत्र B देणाऱ्या अनेक सदिश विभवांपैकी निवडलेला `A`, बदलल्यावर आकडा बदलतो, किंवा अपेक्षेच्या ९३-९४ टक्क्यांवरच अडकतो. शेवटी संशय सोलेनॉइडवर जातो: बाहेर B शून्य, बल शून्य, मग फेज बदलेलच कशी? नक्कीच कुठून तरी क्षेत्र झिरपत असणार.

या सगळ्या तक्रारींचं मूळ एकच आहे. मोजता येणारी फेज एखाद्या बिंदूवर नसते, एका वाटेवरही नसते. ती बंद वळशाची असते. गणितात वळसा कुठेतरी उघडा राहिला, किंवा वळशाच्या आतला फ्लक्स नकळत पुसला गेला, की उत्तर बिघडतं. खालच्या प्रत्येक बिघाडात हेच वेगवेगळ्या वेषात दिसेल.

आधी एक ठोस मांडणी

अमूर्त `Φ` घेऊन वाद घातला की चूक सापडत नाही, म्हणून आकडे ठरवून घेऊ. सोलेनॉइडची त्रिज्या ५ मायक्रोमीटर, लांबी १ मिलिमीटर, दर मीटरला १,००,००० वेढे, म्हणजे एकूण १०० वेढे. इलेक्ट्रॉनच्या दोन वाटा अक्षापासून दोन्ही बाजूंना १० मायक्रोमीटरवरून जातात.

फेज `2π` ने बदलायला लागणारा फ्लक्स म्हणजे `h/e`, ४.१३६ × १०⁻¹⁵ वेबर. सोलेनॉइडचा काटछेद ७.८५ × १०⁻¹¹ चौरस मीटर आहे, म्हणून आतलं क्षेत्र ५३ मायक्रोटेस्ला हवं. हे पृथ्वीच्या चुंबकी क्षेत्राइतकंच आहे! `B = μ₀nI` वरून विद्युतप्रवाह निघतो ०.४२ मिलिअँपिअर. दोन लाटा एकत्र येऊन पडद्यावर उमटणारे व्यतिकरणाचे पट्टे बरोबर अर्ध्याने सरकवायचे, म्हणजे प्रकाशमान पट्ट्याच्या जागी काळा आणायचा, तर ०.२१ मिलिअँपिअर पुरतो. परिणाम पाहायला प्रचंड क्षेत्र लागतं असा समज असेल तर तो इथेच सोडून द्या.

आता फेज येते कुठून? क्वांटम गणितात वाटेवर साठणारी फेज वेगावर नव्हे, तर कॅनॉनिकल संवेगावर ठरते: `p = mv + qA`. सोलेनॉइडबाहेर बल नाही, त्यामुळे `mv` हा भाग दोन्ही वाटांवर सारखा. `A` मात्र सोलेनॉइडभोवती गोल फिरतो, `A = Φ/(2πr)`. एका बाजूने जाणाऱ्या लाटेला तो पाठीमागून लागतो, दुसऱ्या बाजूने जाणारीला समोरून. सममित गेजमध्ये एका वाटेवर `+qΦ/2ħ` आणि दुसरीवर `−qΦ/2ħ` जमा होतं, फरक `qΦ/ħ`. हे अर्धं-अर्धं वाटप गेज बदलला की बदलतं, फरक बदलत नाही. ‘डाव्या वाटेवर नेमकी किती फेज आली’ या प्रश्नाला अर्थच नाही, आणि तोच प्रश्न विचारल्यामुळे बरीच गणितं फसतात.

बिघाड पहिला: `A` गेजने घालवला आणि उत्तर शून्य आलं

युक्तिवाद असा असतो. बाहेर `A` चा कर्ल शून्य आहे, म्हणून `A = ∇χ` असं लिहिता येतं. मग `A' = A − ∇χ = 0`. `A` च नाही तर फेज कुठली?

कर्ल शून्य हे खरं आहे, त्यापुढचं अर्धवट खरं. `χ` प्रत्यक्ष काढून पाहा: `χ = Φθ/2π`, इथे `θ` हा सोलेनॉइडच्या अक्षाभोवतीचा कोन. एक पूर्ण वळसा घातला की `θ` मध्ये `2π` ची भर पडते आणि `χ` मध्ये `Φ` ची. तुम्ही परत त्याच बिंदूवर आलात, पण `χ` ची किंमत वेगळी. म्हणजे `χ` हे त्या प्रदेशावरचं एकमूल्यी फलन नाहीच. कर्ल शून्य म्हणून ग्रेडियंट, हा नियम मध्ये भोक नसलेल्या प्रदेशासाठी आहे. इथे प्रदेशाच्या मधोमध सोलेनॉइड आहे आणि इलेक्ट्रॉनला तिथे प्रवेश नाही.

वरच्या अर्ध्या भागात `A` घालवता येतो, खालच्या अर्ध्या भागातही घालवता येतो. दोन्हीकडे एकदम, दोन्ही शिवणी जुळवून, घालवता येत नाही. `χ` ला एकमूल्यी ठेवायचं तर कोनाला कुठेतरी चिरावं लागतं. त्या चिरेवर बदललेलं वेव्हफंक्शन `exp(−iqΦ/ħ)` या गुणकाने उडी मारतं. समीकरणातून `A` गेला, पण फेज सीमेच्या अटीत जाऊन बसली. मुक्त कणाचं समीकरण सोडवा आणि ही उडी अट म्हणून लावा, उत्तर तेच येईल. उडी विसरलात तर तुम्ही सोलेनॉइडचा नाही, साध्या दोन फटींचा प्रश्न सोडवला.

यातून एक गोष्ट फुकटात मिळते. `Φ` जर `h/e` च्या पूर्ण पटीत असेल तर उडीचा गुणक १ होतो. तेव्हा चीर खरोखरच दिसेनाशी होते, गेजने `A` घालवणं पूर्ण वैध ठरतं, आणि पट्टे जसेच्या तसे दिसतात. म्हणून वरच्या मांडणीत चाचणीसाठी ०.४२ मिलिअँपिअर निवडलात तर ‘काहीच फरक पडत नाही’ असा निष्कर्ष निघेल. पहिली चाचणी नेहमी अर्ध्या फ्लक्सवर, ०.२१ मिलिअँपिअरवर घ्या. वू आणि यांग यांनी १९७५ मध्ये हाच मुद्दा नेमका मांडला: भौतिक अर्थ आहे तो `exp(iq∮A·dl/ħ)` या गुणकाला. नुसतं B त्यासाठी अपुरं पडतं, आणि फेजचा पूर्ण आकडा गरजेपेक्षा जास्त सांगतो.

बिघाड दुसरा: ग्राफमधला टोकदार सुळका

संगणकावर वरचीच चूक जास्त फसव्या रूपात येते. ग्रिडवर `np.arctan2(y, x)` ने `θ` काढला, त्यावरून `χ`, मग `np.gradient` ने `∇χ`. ते `A` मधून वजा केलं की सगळीकडे शून्याच्या आसपास आकडे दिसतात, फक्त ऋण x-अक्षालगतच्या दोन ओळींत भलामोठा सुळका. पाहणाऱ्याला वाटतं ही न्यूमेरिकल घाण आहे. तो त्या ओळी शून्य करून टाकतो, किंवा आकडा मर्यादेत कापतो. त्या क्षणी फ्लक्स पुसला जातो, कारण सगळा फ्लक्स त्या सुळक्यातच होता.

हा सुळका खरा की खोटा, ते दोन मिनिटांत कळतं. ग्रिडचं अंतर `s` अर्धं करा. गोलाई किंवा अंतर-पद्धतीची चूक असेल तर ती कमी होईल. इथे उलट होतं: त्या दोन ओळींतला प्रत्येक आकडा साधारण `Φ/2s` आहे, त्यामुळे `s` अर्धं झालं की सुळका दुप्पट होतो. पण उंची गुणिले रुंदी केली तर दर वेळी `Φ` च मिळतो. ग्रिड कितीही बारीक केलं तरी ज्याचं क्षेत्रफळ बदलत नाही, त्याला कात्री लावायची नसते.

बिघाड तिसरा: ९३.६५ टक्के

समजा दोन सरळ, समांतर वाटा घेतल्या, `y = +d` आणि `y = −d`, आणि दोन्हींवर `x = −X` ते `x = +X` असं `A` चं इंटिग्रल काढलं. दोन्हींतला फरक हातानेच निघतो: `Φ · (2/π) · arctan(X/d)`. `X = 10d` घेतलं तर हे ०.९३६५ `Φ` येतं, `X = 100d` घेतलं तर ०.९९३६ `Φ`. कोड बरोबर आहे, अचूकता वाढवूनही आकडा हलत नाही, आणि सिद्धान्तात सहा टक्के खोट आहे असं वाटू लागतं.

खोट वळशात आहे. दोन समांतर रेषांची टोकं जोडलेली नाहीत. `x = +X` वर वरची वाट `y = +d` ला संपते, खालची `y = −d` ला. प्रत्यक्षात लाटा एकत्र येतात, म्हणून ही टोकं जोडणारे दोन छोटे उभे तुकडे इंटिग्रलमध्ये हवेत. प्रत्येक तुकडा `(Φ/π) · arctan(d/X)` देतो. दोन्ही मिळवले की बेरीज बरोबर `Φ` होते, `X` काहीही असो.

उघड्या वाटांचा हा आकडा दुसऱ्या गेजमध्ये दुसराच येईल, आणि नेमकं तेच तुमच्या हातातलं तपासणीचं साधन आहे. `A` मध्ये कुठल्याही गुळगुळीत, एकमूल्यी फलनाचा ग्रेडियंट मिळवा, उदाहरणार्थ `χ = c·x·y`, म्हणजे `A` मध्ये `(c·y, c·x)` ची भर. वळसा बंद असेल तर उत्तर शेवटच्या अंकापर्यंत तेच राहायला हवं. हललं तर आधी वळसा तपासा. गेज बदलून पाहणं ही इथली सर्वांत स्वस्त चाचणी आहे आणि तीच बहुतेक जण करत नाहीत.

बिघाड चौथा: जाळीवर २७ टक्के जास्त

ग्रिडवर श्रोडिंगर समीकरण सोडवताना `(p − qA)²` उलगडून प्रत्येक पदाचं वेगवेगळं अंतर-रूप लिहिलं जातं. असं केल्यावर जाळीवर गेज-अपरिवर्तन अचूक राहत नाही, आणि उत्तर गेजवर थोडंफार अवलंबून राहतं. त्याऐवजी पायर्ल्सची पद्धत वापरा: शेजारच्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या प्रत्येक दुव्याच्या हॉपिंग पदाला `exp(iq∫A·dl/ħ)` हा गुणक लावायचा. जाळीच्या एका चौकोनाभोवतीच्या चार गुणकांचा गुणाकार म्हणजे त्या चौकोनातला फ्लक्स.

पण दुव्यावरचं हे इंटिग्रल काढताना मधल्या बिंदूवरचा `A` गुणिले लांबी असा शॉर्टकट घेतला, तर सोलेनॉइडजवळ घोळ होतो. टोकाचं उदाहरण पाहा: सोलेनॉइडला रेषेइतका बारीक धरा आणि त्याभोवती २ एकक बाजूचा एकच चौकोन घ्या. प्रत्येक बाजूचा मध्य अक्षापासून १ एककावर, तिथे `A = Φ/2π`. चार बाजू, प्रत्येकी लांबी २, म्हणून बेरीज `8Φ/2π`, म्हणजे `4Φ/π`. हवं होतं `Φ`, मिळालं १.२७३ `Φ`. दूरच्या चौकोनांत चूक नगण्य असते, पण फ्लक्सवाल्याच चौकोनात ती २७ टक्के आहे.

उपाय सोपा आणि पूर्ण अचूक आहे. सोलेनॉइडबाहेर दुव्यावरचं इंटिग्रल म्हणजे `Φ/2π` गुणिले त्या दुव्याने अक्षापाशी केलेला कोन. तो कोन `−π` ते `π` मध्येच घ्यायचा, म्हणजे चिरेची भानगड राहत नाही. बिंदू संमिश्र संख्यांत लिहिले की काम एका ओळीचं:

```python
import numpy as np

def ab_phase(z, alpha):
    dth = np.angle(np.roll(z, -1) / z)
    return alpha * dth.sum()

t = np.linspace(0, 2*np.pi, 400, endpoint=False)
print(ab_phase(np.exp(1j*t), 0.5))
print(ab_phase(3 + np.exp(1j*t), 0.5))
print(ab_phase(np.exp(2j*t), 0.5))
```

`alpha` म्हणजे `qΦ/h`, आणि सोलेनॉइड मूळबिंदूवर आहे. पहिली ओळ सोलेनॉइडभोवतीचा एक वळसा, उत्तर ३.१४१६. दुसऱ्या ओळीत तेवढंच वर्तुळ ३ एकक बाजूला सरकवलं आहे, सोलेनॉइड त्याच्या बाहेर. उत्तर शून्य, किंवा १०⁻¹⁶ च्या आसपासचा गोलाईचा कचरा. तिसऱ्या ओळीत तेच वर्तुळ दोनदा फिरलं आहे, उत्तर ६.२८३२. दुसऱ्या वर्तुळावरही प्रत्येक बिंदूला `A` आहे, फक्त वळशाची बेरीज शून्य होते. वर्तुळाऐवजी वेडावाकडा वळसा घ्या, जोवर तो सोलेनॉइडला ओलांडत नाही तोवर उत्तर बदलणार नाही.

आणखी एक खबरदारी. सोलेनॉइडची जागा इलेक्ट्रॉनला खरोखर बंद हवी. सिम्युलेशनमध्ये तिथे उंच विभवाची भिंत उभी करा, मग ती दुप्पट उंच करून पाहा. पट्ट्यांची जागा हलली तर लाट आत शिरत होती. तिथे B शून्य नाही, त्यामुळे तुम्ही दोन परिणामांची खिचडी मोजत होतात.

‘झिरपणारं क्षेत्र असेल’ हा संशय

हा संशय रास्त आहे. अनंत लांबीचा सोलेनॉइड कोणी पाहिलेला नाही. खऱ्या सोलेनॉइडच्या एका टोकातून क्षेत्ररेषा बाहेर पडतात आणि बाहेरून फिरून दुसऱ्या टोकात शिरतात. म्हणून ‘बाहेर शून्य’ हे कधीच तंतोतंत खरं नसतं. प्रश्न एवढाच की त्या उरलेल्या क्षेत्राने फेज समजावून सांगता येते का. हिशेब करून पाहू.

लांब आणि बारीक सोलेनॉइडची दोन टोकं म्हणजे `+Φ` आणि `−Φ` शक्तीचे दोन ध्रुव, असं धरलं तरी पुरतं. मध्यप्रतलात सोलेनॉइडलगत बाहेरचं क्षेत्र `2Φ/(πL²)` येतं. आपल्या मांडणीत, फ्लक्स `h/e` असताना, हे २.६ नॅनोटेस्ला आहे. आतल्या ५३ मायक्रोटेस्लाच्या सुमारे वीस हजाराव्या हिश्श्याएवढं.

पण नुसतं क्षेत्र पाहून भागत नाही, वळशात सापडलेला परतीचा फ्लक्स पाहायला हवा. दोन वाटांमधली पट्टी `2d` रुंदीची आहे. तिच्यातून, पूर्ण लांबीवर, परतीचा फ्लक्स निघतो `4dΦ/(πL)`. `d` १० मायक्रोमीटर आणि `L` १ मिलिमीटर घातलं की `Φ` च्या १.३ टक्के.

इथे दोन गोष्टी नीट पाहा. पहिली, निरीक्षणात पूर्ण `qΦ/ħ` दिसतं आणि झिरपणारं क्षेत्र त्याच्या १.३ टक्क्यांचीच जबाबदारी घेऊ शकतं. दुसरी, परतीच्या फ्लक्सची दिशा आतल्या फ्लक्सच्या उलट आहे. म्हणजे गळती फेज निर्माण करत नाही, ती कमी करते! ०.४२ मिलिअँपिअरला पट्टे एक पूर्ण अंतर न सरकता ०.९८७ अंतर सरकतील. सोलेनॉइड लांब करा, किंवा वाटा जवळ आणा, आकडा १ कडे जाईल. गळतीमुळे परिणाम होत असता तर सोलेनॉइड लांब केल्यावर तो मावळायला हवा होता. प्रत्यक्षात उलट घडतं, आणि संशयाचं एवढं सरळ खंडन दुसरं नाही.

मोजमापात एक-दोन टक्क्यांची तूट दिसली तर आधी हे गुणोत्तर `4d/πL` काढा. विद्युतप्रवाह मोजणाऱ्या मीटरवर संशय नंतर घ्या.

पट्टे सरकले, पण बलाने की फेजने?

प्रयोगाच्या चित्रात पट्टे असतात आणि त्यांच्यावर एक झाकण असतं: मध्ये तेज जास्त, कडेला कमी. लॉरेंट्झ बलाने इलेक्ट्रॉन वळले तर पट्टे आणि झाकण दोन्ही सोबत सरकतात. सोलेनॉइडच्या फेजमुळे फक्त पट्टे सरकतात, झाकण जागच्या जागी. मधला उजळ पट्टा झाकणाच्या मध्यावरून बाजूला जातो, अर्ध्या फ्लक्सला मध्यावर काळा पट्टा येतो, आणि चित्र एकूण कुठेही ढळत नाही. आलेखावर दोन्ही कडांची जागा विद्युतप्रवाह शून्य असताना आणि ०.२१ मिलिअँपिअर असताना नोंदवा. कडा हलल्या तर गळती किंवा बाहेरचं क्षेत्र कामाला लागलं आहे.

दुसरी खूण वेळेची. बलाने फेज आली असती तर एका बाजूचे इलेक्ट्रॉन थोडे मागे पडले असते. काप्रेझ, बार्विक आणि बाटेलान यांनी २००७ मध्ये मोठ्या सोलेनॉइडशेजारून इलेक्ट्रॉनचे स्पंद सोडून हाच उशीर शोधला. तो सापडला नाही.

गळतीचा मुद्दा खऱ्या अर्थाने मिटवला तो तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये. सरळ सोलेनॉइडला टोकं असतात, म्हणून त्यांनी टोकंच काढून टाकली: परमॅलॉय या चुंबकी मिश्रधातूचं कडं, ज्यात फ्लक्स गोल फिरून आतच राहतो. त्यावर नायोबियमचं वेष्टण. नायोबियम ९.२ केल्विनखाली अतिवाहक होतं, आणि मग क्षेत्र बाहेर येऊ शकत नाही, इलेक्ट्रॉनलाही आत जाता येत नाही. कड्याच्या भोकातून गेलेली लाट आणि बाहेरून गेलेली लाट यांच्या फेजमधला फरक तरीही दिसला. शिवाय तो मनमानी नव्हता. अतिवाहकाच्या वेष्टणात कोंडलेला फ्लक्स `h/2e` च्या पटीतच राहू शकतो. पट सम असेल तर फेजचा फरक शून्य, विषम असेल तर `π`. वेगवेगळ्या नमुन्यांत याच दोन किमती मिळाल्या.

`h/e` की `h/2e`?

वरच्या परिच्छेदामुळेच नेहमी होणारी एक गल्लत: पट्ट्यांचा आवर्त `h/2e` धरला जातो आणि विद्युतप्रवाह नेमका निम्मा काढला जातो. ०.२१ मिलिअँपिअरला पट्टे मूळ जागी यायला हवे होते, आले नाहीत, उलटे झाले, अशी तक्रार आली की कारण हेच. निर्वातातला एकेकटा इलेक्ट्रॉन असेल तर आवर्त `h/e`. `h/2e` मधला २ हा दोन इलेक्ट्रॉनांच्या कूपर जोडीचा प्रभार आहे आणि तो फ्लक्स कोंडणाऱ्या अतिवाहकाचा गुण आहे, शेजारून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनचा नाही. धातूच्या कड्यांमध्ये मात्र दोन्ही दिसतात: वेब आणि सहकाऱ्यांना १९८५ मध्ये सोन्याच्या एकेकट्या बारीक कड्यात `h/e` चा आवर्त मिळाला, तर शार्विन पितापुत्रांना १९८१ मध्ये धातूचा थर दिलेल्या नळीवर `h/2e` चा. नळी म्हणजे जणू एकावर एक रचलेली असंख्य कडी. सरासरीत `h/e` चा भाग पुसला जातो आणि वळसा उलटसुलट दोन्ही दिशांनी पुरा करणाऱ्या लाटांचा `h/2e` चा भाग उरतो. तुमच्या मांडणीत काय धरायचं ते यावरून ठरवा.

गुणक `2π` ने चुकला असेल तर `h` आणि `ħ` ची अदलाबदल तपासा. जुन्या लेखांतलं सूत्र `qΦ/ħc` असं दिसलं तर ते गाउसियन एककांतलं आहे. त्यात वेबर घालायचे नाहीत. चिन्ह उलट आलं तर इलेक्ट्रॉनचा `q` ऋण आहे हे आठवा. चिन्हाची खात्री करायला विद्युतप्रवाहाची दिशा उलटवणं पुरेसं आहे: पट्टे तेवढेच, पण विरुद्ध बाजूला सरकले पाहिजेत. दोन्ही दिशांना एकाच बाजूला सरकले तर तारेच्या तापण्याचा किंवा साठलेल्या स्थिर प्रभाराचा परिणाम दिसतो आहे, कारण त्यांना विद्युतप्रवाहाची दिशा कळत नाही.

पट्टेच दिसत नाहीत

हा बिघाड फक्त प्रयोगशाळेतला. वाटा हिऱ्याच्या आकारात, १० सेंटिमीटर लांब आणि मध्यावर २० मायक्रोमीटर दूर असतील, तर वळशाचं क्षेत्रफळ चौरस मीटरच्या दशलक्षांशाइतकं, म्हणजे १ चौरस मिलिमीटर. त्याला `h/e` एवढा फ्लक्स द्यायला फक्त ४.१ नॅनोटेस्लाचं एकसारखं क्षेत्र पुरतं. पृथ्वीचं स्थिर क्षेत्र त्रास देत नाही. ते पट्ट्यांची आरंभीची जागा ठरवतं आणि गप्प बसतं. त्रास देतं ते बदलणारं क्षेत्र. वीजवाहिन्यांचं ५० किंवा ६० हर्ट्झचं, काही नॅनोटेस्लाचं क्षेत्र पट्ट्यांना सेकंदाला कित्येक वेळा एक पूर्ण अंतर मागेपुढे हलवतं आणि चित्र सपाट करडं होतं. लिफ्ट किंवा मोठी लोखंडी वस्तू जवळून सरकली तरी पट्टे हळूहळू वाहत जातात.

ओळखायचं असं. सोलेनॉइड पूर्ण बंद ठेवा आणि कॅमेऱ्याचा एक्स्पोजर वीजवाहिनीच्या आवर्ताच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत, म्हणजे सुमारे २ मिलिसेकंदांपर्यंत, खाली आणा. पट्टे उगवले आणि दर चित्रात जागा बदलत असतील तर दोष बाहेरून येणाऱ्या बदलत्या क्षेत्राचा. तेव्हा उच्च पारगम्यतेच्या मिश्रधातूचं दुहेरी कवच लागेल, किंवा वाटांमधलं अंतर कमी करावं लागेल. अंतर कमी केलं की वळशाचं क्षेत्रफळ घटतं आणि त्रास त्याच प्रमाणात घटतो, पण सोलेनॉइड अजूनही मध्ये मावला पाहिजे. आपल्या मांडणीत वाटांमध्ये २० मायक्रोमीटर आहेत आणि सोलेनॉइडच १० मायक्रोमीटर जाड आहे. एक्स्पोजर कमी करूनही पट्टे उगवले नाहीत, तर क्षेत्राचा नाद सोडा आणि इलेक्ट्रॉनच्या उगमाची सुसंगती तपासा.